कारखान्याचा झेड-स्कोर मधल्या पट्ट्यात आल्यास तो कसा वाचावा

एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ मध्ये उत्पादन कंपन्यांच्या ताळेबंदांवरून दिवाळखोरीचा अंदाज बांधणारा झेड-स्कोर मांडला. मूळ सूत्रात समभागांचा बाजारभाव लागतो. ज्यांचे समभाग बाजारात नोंदलेले नाहीत, अशा कंपन्यांसाठी त्यांनी १९८३ मध्ये भागधारकांच्या निधीचे पुस्तकी मूल्य घेणारे वेगळे सूत्र दिले, आणि आमच्या अहवालांत आम्ही तेच वापरतो. त्यात २.९० च्या वरचा आकडा सुरक्षित, १.२३ च्या खालचा धोक्याचा आणि मधला पट्टा अनिश्चित मानला जातो.

समजा, एका कारखान्याची एकूण मालमत्ता १०० आहे. खेळते भांडवल १२, संचित नफा १५, व्याज व कर वजा करण्यापूर्वीचा नफा ८ आणि वार्षिक विक्री १३० आहे. भागधारकांचा निधी ३० आणि देणी ७० आहेत. निधीला देण्यांनी आणि बाकी चारही रकमांना मालमत्तेने भागून प्रत्येक गुणोत्तराला ठरलेल्या भाराने गुणायचे:

```
0.717 × 0.12  = 0.086
0.847 × 0.15  = 0.127
3.107 × 0.08  = 0.249
0.420 × 0.429 = 0.180
0.998 × 1.30  = 1.297
```

बेरीज १.९४ होते. यातला दोनतृतीयांश वाटा एकट्या विक्रीचा आहे, आणि मधल्या पट्ट्यातला आकडा वाचताना सर्वांत आधी हेच पाहावे असे आमचे ठाम मत आहे. विक्री भरपूर असली तरी तिच्यातून नफा उरतोच असे नाही.

आता याच कारखान्याच्या गोदामात १० किमतीचा तयार माल विकला न जाता पडून आहे आणि तो हिशेबातून काढून टाकावा लागला, असे धरू. खेळते भांडवल २ वर येते, संचित नफा ५ वर, आणि भागधारकांचा निधी एका फटक्यात एकतृतीयांशाने घटून २० होतो. हा एकवेळचा तोटा चालू नफ्यात न धरता स्कोर पुन्हा काढला, तर तो १.९० येतो, म्हणजे जवळजवळ तेवढाच. मालमत्ता ९० झाल्यामुळे विक्रीचे गुणोत्तर आपोआप वाढते आणि १.४४ गुण देऊन बाकीची पडझड झाकून टाकते. यंत्रे जुनी होऊन घसाऱ्याने त्यांची पुस्तकी किंमत उतरली, तरी विक्रीचे गुणोत्तर असेच फुगते.

म्हणून मधल्या पट्ट्यातल्या निकालासोबत आम्ही पाचही भाग वेगवेगळे छापतो आणि मागील तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवतो. पहिले दोन भाग दरवर्षी खाली येत असतील आणि शेवटचा तेवढाच चढत असेल, तर एकूण स्कोर स्थिर दिसला तरी आम्ही त्याला घसरण समजतो. अशा वेळी आम्ही कारखान्याकडून मालाची आणि ग्राहकांकडील येण्यांची वयवार यादी मागवतो, कारण पडून राहिलेला माल आणि थकलेली येणी ताळेबंदात अनेकदा पूर्ण किमतीला उभी असतात.