आढीतला नासका आंबा

आढीत, पेटीत किंवा परडीत एक फळ बुरशीने नासलेले निघाले, तर शेजारची फळेही टाकावीत का, हा कोकणात दर वैशाखात पडणारा प्रश्न. ‘एक नासका आंबा सगळी आढी नासवतो’ ही समजूत घरोघरी आहे. ती अर्धीच खरी आहे.

हापूसवर पिकताना उठणारे काळे डाग बहुतेक वेळा करप्याचे असतात. कोलेटोट्रायकम नावाची ही बुरशी फळ झाडावर लहान असतानाच, पावसाच्या किंवा दवाच्या ओलीत सालीत शिरते आणि तिथेच गप्प राहते. कच्च्या सालीत तिला रोखणारी द्रव्ये असतात. आंबा पिकू लागला की ती घटतात आणि बुरशी जागी होते. देठकूजही बागेतूनच येते. तिची बुरशी देठाच्या आतून फळात उतरते आणि देठाभोवतीचा भाग तपकिरी, पाणचट होत जातो. म्हणून आंबा थोडा देठ ठेवून उतरवतात. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि कुजीलाही वाट मिळते.

म्हणजे एकाच बागेतले, एकाच अवकाळी पावसात भिजलेले आंबे एकाच दिवशी डागाळले, तर त्यांनी एकमेकांना काही दिलेले नसते, सगळे ते घरूनच घेऊन आलेले असतात. खरा संसर्ग वेगळा. नासका आंबा फुटतो, रस पाझरतो, पेंढा भिजतो आणि शेजारच्या फळाला खरचटलेले असेल, तर बुरशी तिथून आत जाते. बुरशीचे बीजाणू तर हवेत सगळीकडेच असतात. धड, कोरड्या सालीवर पडून ते एरवी फारसे काही करत नाहीत. नासके फळ इथिलीन वायूही सोडते, त्याने शेजारी लवकर पिकतात आणि पिकले की हळवे होतात. समजुतीतली खरी अर्धी बाजू ती ही.

दोन्हींतला फरक डाग कुठे आहेत त्यावरून ओळखता येतो. समजा, पाच डझनांची पेटी उघडली आणि खालच्या थरात एक आंबा देठाशी बसलेला, रस गळणारा निघाला. त्याला टेकलेले सहा आंबे आहेत. आधी नासका आंबा न दाबता, खाली कागद धरून उचलावा. भिजलेला पेंढा टाकून द्यावा, वाळवून परत वापरू नये. सहाही आंबे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत आणि एक-एक हातात घेऊन टेकलेली जागा, देठ आणि वास तपासावा. टेकलेल्या जागीच मऊ पडलेला, आंबूस वास येणारा आंबा गेला. बाकीचे पेटीत परत न घालता वेगळे, एका थरात, वारा लागेल असे ठेवावेत, दोन दिवस रोज पाहावेत आणि आधी संपवावेत. वरच्या थरातल्या, नासक्यापासून लांबच्या आंब्यावर डाग दिसला, तर तो बागेतला समजावा. शेजाऱ्याला दोष देऊ नये.

टाकायचे काय? सालीपुरता कोरडा काळा डाग असेल आणि खाली गर घट्ट, वास चांगला असेल, तर जाड साल व खालचा थोडा गर काढून तो आंबा घरोघरी खाल्ला जातो. पांढरी-हिरवी बुरशी उगवलेला किंवा पाणचट झालेला आंबा मात्र अख्खा टाकावा, कारण मऊ गरात तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. ‘आटवून साठं घालू’ हा काटकसरीचा विचार इथे चालत नाही. बुरशीची काही विषे आचेवर टिकतात. गुरांपुढेही तो टाकू नये. (साक्याचा या सगळ्याशी संबंध नाही. तो गराचा आतला बिघाड आहे, बुरशी नव्हे, आणि एका आंब्याचा दुसऱ्याला लागत नाही.)

घाटावरून येणाऱ्या द्राक्षांची गोष्ट वेगळी. घडात मणी एकमेकांना चिकटून असतात आणि एक फुटला की रस सगळ्यांवर पसरतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळतही नाही. बुरशीचा मणी आणि त्याला टेकलेले किंवा ओले झालेले मणी देठासकट कात्रीने कापून टाकावेत. ओढून काढले तर देठापाशी नवी जखम होते. उरलेले घट्ट, कोरडे मणी खायच्या वेळीच धुवावेत. घडाच्या मधोमध बुरशी दिसली, तर मात्र घड टाकलेलाच बरा.

टोमॅटोवर कापसासारखी पांढरी लव आणि तीत काळे ठिपके दिसले, तर ती ऱ्हायझोपस. ती एका टोमॅटोवरून दुसऱ्यावर लव टाकत जाते आणि एक-दोन दिवसांत टोपली व्यापते. लव पोचलेले, चिरलेले किंवा मऊ पडलेले सगळे टोमॅटो टाकावेत. कोरडे, धड असतील ते धुऊन पुसून त्याच दिवशी सारात घालावेत. टोपलीही धुऊन उन्हात ठेवावी. तिच्या विणीत अडकलेला रस पुढच्या आठवड्याच्या टोमॅटोंना पुरतो.