पिक्सेल वाचतात, मेमरी वाचत नाही

सोलापुरी चादरीवरचं फूल जवळून बघा. पाकळीची कड गोल नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते. जॅकार्डची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवतात आणि एक चौकट म्हणजे धाग्यांची एक गाठभेट, त्यामुळे चौकटी जितक्या कमी तितक्या पायऱ्या ठळक. माझं निम्मं आयुष्य अशा नक्ष्या कॉम्प्युटरवर काढण्यात गेलं. म्हणूनच भाचा ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हणून विचारायला आला, तेव्हा मला पहिल्यांदा चादरच आठवली.

त्याच्याकडे १०८०पीचा, ७५ हर्ट्‌झचा मॉनिटर. दुकानदारानं त्याला आरटीएक्स ५०७० सुचवलं होतं. "फ्रेम जनरेशन लावलं की दोनशे फ्रेम देतंय की वो मामा!" दोनशे फ्रेम दाखवणार कुठं, असं मी विचारल्यावर गडी गप्प झाला. ७५ हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला ७५ वेळाच चित्र बदलतो.

या गोंधळाचं मूळ म्हणजे एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन वेगळ्या युक्त्या. एन्व्हिडियाचं डीएलएसएस म्हणा की एएमडीचं एफएसआर, त्यात अपस्केलिंग असतं, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र रंगवून ते पडद्याएवढं करणं, आणि फ्रेम जनरेशनही असतं, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे बनवलेल्या फ्रेम घालणं. पहिली युक्ती खरोखर कार्डाचं ओझं उतरवते. दुसरी ओझं उतरवत नाही, फक्त चाल गुळगुळीत दाखवते.

अपस्केलिंग आधी घेऊ. १४४०पीच्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख पिक्सेल असतात. 'क्वालिटी' मोड निवडला की कार्ड त्यातले सगळे रंगवत नाही. ते १७०७ गुणिले ९६०, म्हणजे साधारण १६.४ लाखच रंगवतं. उरलेले नुसत्या अंदाजानं भरले असते तर चित्र पुसट दिसलं असतं. खरी गंमत अशी, की कार्ड दर फ्रेमला रंग तपासायची जागा पिक्सेलच्या आतल्या आत किंचित सरकवतं. चित्र स्थिर असेल तर चार फ्रेममध्ये ६५ लाखांहून जास्त वेगवेगळे ठिपके जमतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. चित्र हलत असेल तर कुठला ठिपका कुठे सरकला याची नोंद खेळच पुरवतो, आणि तिच्या आधारे जुने ठिपके नव्या जागी आणून बसवले जातात. कुठले जुने ठिपके ठेवायचे नि कुठले टाकायचे, हा निर्णय डीएलएसएसमध्ये शिकवून तयार केलेलं न्यूरल जाळं घेतं. तो चुकला की पळत्या माणसामागे धूसर शेपूट दिसतं, किंवा विजेच्या तारा लुकलुकतात.

आता तो १६.४ लाखांचा आकडा पुन्हा बघा. भाच्याच्या जुन्या १०८०पी पडद्यावर अपस्केलिंगशिवाय २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात. म्हणजे मोठ्या १४४०पी पडद्यावर क्वालिटी मोडमध्ये कार्डाला त्याहून कमी पिक्सेल रंगवायचे असतात. शेवटच्या जुळवाजुळवीला थोडा वेळ जातो खरा, पण हिशेब फारसा बिघडत नाही. उलट १०८०पीवर क्वालिटी मोड लावला तर आतलं चित्र फक्त ७२०पीचं, ९.२ लाखांचं. चौकटी इतक्या कमी झाल्या की फुलाच्या पायऱ्या लपवणं अवघड जातं. म्हणून वरच्या पायरीच्या कार्डात घालायचे पैसे चांगल्या मॉनिटरमध्ये घालणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं.

पण एक गोष्ट यातून वाचत नाही: कार्डावरची मेमरी. खेळातले पोत, म्हणजे भिंतींचे, कापडाचे, कातडीचे तपशील, शेवटच्या पडद्याच्या हिशेबानं निवडले जातात, आतल्या लहान चित्राच्या नव्हे. तसं केलं नाही तर सगळं गुळगुळीत मेणासारखं दिसेल. वर अपस्केलिंगची स्वतःची साठवण आणि फ्रेम जनरेशनची आणखी थोडी.

हे आम्ही भाच्याच्या मित्राकडे, अक्कलकोट रोडला जाऊन पाहिलं. त्याचं कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, ८ जीबीचं, पडदा १४४०पी. खेळ मोकळ्या शहरात गाडी हाकायचा. अपस्केलिंग बंद असताना ४४ फ्रेम, क्वालिटी मोडला ६६. फ्रेम जनरेशन लावल्यावर काउंटर ११२ दाखवू लागला. ६६ची दुप्पट १३२ व्हायला हवी होती. मधली फ्रेम बनवायचं कामही त्याच कार्डाला करावं लागतं, म्हणून खऱ्या फ्रेम ५६वर आल्या आणि त्यांची दुप्पट ११२. मग पोत सर्वात वरच्या दर्जावर नेले. सरासरी फारशी पडली नाही, पण चौकात वळलं की गाडी क्षणभर अडखळायची. कार्डातली मेमरी संपली होती आणि पोत मदरबोर्डावरच्या रॅममधून ये-जा करत होते. सरासरीच्या आकड्यात हे अडखळणं दिसत नाही, ते हाताला कळतं.

५०६० टीआय १६ जीबीतही मिळतं, चिप तीच. अपस्केलिंगमुळे चिपची तहान भागते पण मेमरीची नाही, म्हणून या पायरीवर ज्यादा पैसे मेमरीसाठी मोजावेत असं माझं मत झालं.

फ्रेम जनरेशनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण जाहिरात त्याचीच जास्त. जानेवारी २०२५मध्ये एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ५४९ डॉलरचं ५०७० हे मागच्या पिढीतल्या सर्वात वरच्या ४०९०इतकी कामगिरी देतं असं मंचावरून सांगितलं. ते जमतं एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत बनवलेल्या फ्रेम घालून. मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणून ती तयार असूनही थोडी रोखून धरतात. खऱ्या फ्रेम ६० असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, त्यामुळे उशीर सहसा जाणवत नाही. खऱ्या ३० असतील तर ती ३३ मिलिसेकंदांची. काउंटर १२० म्हणतो, पण माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. म्हणजे जे कार्ड आधीच बरं चालतं त्याच्यावरच ही युक्ती शोभते. धापा टाकणाऱ्या कार्डाला ती वाचवत नाही.

भाच्याच्या जुन्या पडद्यावर तर ती उलटीच पडली असती. ७५ हर्ट्‌झला व्ही-सिंक लावून, म्हणजे फ्रेम पडद्याच्या गतीशी बांधून, फ्रेम जनरेशन चालू केलं की खऱ्या फ्रेम ३७च्या आसपास येऊन थांबतात, कारण दुप्पट करून ७५च दाखवायच्या असतात. ७० खऱ्या फ्रेम देऊ शकणारं कार्ड निम्म्यावर.

दुकानात जाण्याआधी अजून एक तपासणी केली. त्याचा प्रोसेसर जुना होता. त्याच्या जुन्याच कार्डावर खेळाचं रिझोल्यूशन खूप कमी करून पाहिलं. फ्रेम वाढल्या. वाढल्या नसत्या तर अडथळा प्रोसेसरचा आहे असं कळलं असतं, आणि मग अपस्केलिंग काय किंवा महाग कार्ड काय, दोन्ही वाया.

शेवटी त्यानं ५०६० टीआय १६ जीबी घेतलं आणि वाचलेल्या पैशांत भर घालून १६५ हर्ट्‌झचा १४४०पी मॉनिटर. ५०७० अडीचशे वॅटपर्यंत ओढतं, हे एकशे ऐंशी. मे महिन्यात माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसणाऱ्याला हा फरकही कमी नाही. गाडीच्या खेळात तो फ्रेम जनरेशन लावतो. गोळीबाराच्या खेळात मात्र बंद ठेवतो, आणि दुकानदारानं सांगितलेले दोनशे फ्रेम अजून त्याला कुठल्याच खेळात दिसलेले नाहीत.