काहीच त्रास नसताना तपासणी: ती कोणत्या आजारासाठी करावी?
आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"तसा काही त्रास नाही, पण एकदा सगळं तपासून टाकू या," असं म्हणत बरेच जण आमच्याकडे येतात. तपासण्या करणं हा आमचा व्यवसाय आहे, तरी काही वेळा "ही तपासणी तुम्हाला नको" असं आम्हीच सांगतो. ते का, हे नीट कळावं म्हणून हे पत्रक.

काही त्रास नसलेल्या माणसांना बोलावून केलेल्या तपासणीला स्क्रीनिंग म्हणतात. धडधाकट माणसाला आपण होऊन बोलावायचं, तर त्याचं नुकसान होणार नाही याची खात्री आधी हवी. 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर यांचे दहा निकष प्रसिद्ध केले, आणि आजही चर्चा तिथूनच सुरू होते. आजार गंभीर असावा, तपासणी सोपी असावी, आजार सापडला तर त्यावर उपचार असावा, हे निकष कुणालाही लगेच पटतात. नजरेतून निसटतो तो एक वेगळाच: आजार लपलेला असल्यापासून उघड होईपर्यंत कसा वाढत जातो, हे पुरेसं माहीत असावं.

जपानमध्ये काय घडलं

न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कॅन्सर. त्याची गाठ बहुतेकदा मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत होते. वर्षाच्या आतल्या बाळात सापडली तर बाळ बहुधा वाचतं. दोन-तीन वर्षांच्या मुलात, पसरल्यावर सापडली तर वाचवणं फार कठीण जातं. ही गाठ काही रसायनं तयार करते आणि ती लघवीत उतरतात. म्हणजे सुई टोचायलाही नको, फिल्टर पेपरवर टिपलेली लघवी पुरते. आजार गंभीर, तपासणी सोपी, उपचार हाताशी. सगळं जुळत होतं. 1980च्या दशकाच्या मध्यापासून जपानने देशभर सहा महिन्यांच्या बाळांची ही तपासणी सुरू केली.

पुष्कळ गाठी सापडल्या, आणि सापडलेली जवळजवळ सगळी बाळं वाचली. आकडे पाहून कुणालाही वाटावं की कार्यक्रम यशस्वी झाला. पण खरा प्रश्न वेगळा होता: मोठ्या मुलांमधला पसरलेला आजार आणि त्याचे मृत्यू कमी झाले का?

कॅनडातल्या क्युबेकमध्ये आणि जर्मनीत हे नीट तपासलं गेलं. तपासणी झालेल्या मुलांची तुलना न झालेल्या मुलांशी केली, आणि 2002 साली दोन्हीकडचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीने मृत्यू कमी झाले नव्हते. वाढली होती ती फक्त निदान झालेल्या बाळांची संख्या.

कारण आजाराच्या स्वभावातच होतं. तान्ह्या बाळांमधल्या अनेक गाठी काहीही न करता आपोआप विरून जातात. मोठ्या मुलांचा जीव घेणारी गाठ बहुतांशी वेगळ्या जातीची असते, झपाट्याने वाढते, आणि सहाव्या महिन्यात लघवीत तिचा मागमूसही नसतो. म्हणजे चाळणीत अडकत होत्या त्या बहुतेक निरुपद्रवी गाठी, आणि घातक गाठी खालून निघून जात होत्या. कधी कुणाला कळल्याही नसत्या अशा गाठींसाठी बाळांची ऑपरेशनं झाली, केमोथेरपी झाली. उपचारांच्या गुंतागुंतीत काही बाळं दगावलीसुद्धा. हे लिहितानाही आम्हाला वाईट वाटतं. पुढे जपानने हा कार्यक्रम थांबवला.

मग कुठे जमतं?

त्याच फिल्टर पेपरवर, फक्त लघवीऐवजी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर, फिनाइलकीटोन्युरियाची तपासणी होते. रॉबर्ट गथ्री यांनी ती 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. या आजारात बाळ जन्मतः अगदी निरोगी दिसतं. पण अन्नातल्या प्रथिनांमधलं फिनाइलअॅलॅनिन शरीराला पचवता येत नाही, ते रक्तात साचतं आणि महिन्यागणिक मेंदूला इजा करत जातं. तीव्र स्वरूपाचा आजार आपोआप बरा होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत खास आहार सुरू केला, तर मेंदू वाचतो. आजाराची वाट ठाऊक आहे आणि ती कुठे अडवायची तेही ठाऊक आहे, म्हणून ही तपासणी टिकली.

"लवकर सापडलेले जास्त जगतात" या वाक्याबद्दल

कोणत्याही तपासणीच्या जाहिरातीत हे वाक्य हमखास असतं. एक उदाहरण पाहा. एखाद्याला 67व्या वर्षी त्रास सुरू होऊन निदान झालं आणि 70व्या वर्षी मृत्यू आला, तर तो निदानानंतर तीन वर्षं जगला. त्याच माणसाचं निदान तपासणीत 60व्या वर्षी झालं आणि मृत्यू 70व्याच वर्षी आला, तर कागदावर तो दहा वर्षं जगला. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, वाढली ती आजार माहीत असलेली वर्षं. म्हणून "किती जण वाचले" एवढ्यावर थांबू नका. तपासणी झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन गटांत त्या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले का, हे डॉक्टरांना विचारा.

हे सगळं त्रास नसलेल्यांसाठी आहे. गाठ हाताला लागत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, लघवीतून किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ते स्क्रीनिंग नव्हे, निदान. तिथे वरचे निकष लावत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी लिहून दिलेली तपासणी करून घ्या.