दहाव्या दिवशी की तिसाव्या? आमच्या बिलावरच्या दोन टक्क्यांचा हिशेब

आमच्या प्रत्येक बिलाच्या खाली एक ओळ छापलेली असते: ‘१० दिवसांत भरणा केल्यास मूळ रकमेवर २ टक्के रोख सवलत, अन्यथा ३० दिवसांत पूर्ण रक्कम.’ शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातले आमचे बरेचसे ग्राहक इन्सर्ट, एंडमिल, ड्रिल, टॅप नियमित नेतात आणि तिसाव्या दिवशी न चुकता पैसे देतात. त्यांच्या चोख व्यवहाराबद्दल आमची काही तक्रार नाही. पण सवलत का घेत नाही असं विचारलं की काउंटरवर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: “दोन टक्क्यांत काय ठेवलंय ओ? महिनाभर पैसं वापराय मिळत्यात की.”

या दोन टक्क्यांत काय ठेवलंय ते आकड्यांनिशी दाखवावं म्हणून हे पत्रक. यातले आकडे आपल्या अकाउंटंटकडून तपासून घ्या.

आधी ‘महिनाभर’ या शब्दाकडे पाहू. पहिले दहा दिवस सवलत घेणाऱ्यालाही मिळतात आणि न घेणाऱ्यालाही. त्यामुळे सवलत सोडून जे जास्तीचं मिळतं ते दहाव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंतच, म्हणजे फक्त २० दिवस. दोन टक्के जातात ते या वीस दिवसांसाठी. महिन्याला दोन म्हणून वर्षाला चोवीस टक्के, असा हिशेब कुणी मनात धरत असेल तर तोही कमीच आहे.

आता एक बिल घेऊ. ३ जुलैचं बिल, माल १,००,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी १८,०००, एकूण १,१८,०००. दहावा दिवस १३ जुलै, तिसावा २ ऑगस्ट.

१३ जुलैपर्यंत पैसे आले तर मालाच्या किमतीतून २,००० कमी होतात आणि त्यावरचा ३६० रुपयांचा जीएसटीही कमी होतो. आपण १,१५,६४० भरता आणि आम्ही २,३६० ची जीएसटीसह क्रेडिट नोट देतो. त्यातले ३६० आपल्याला इनपुट क्रेडिटमधून कमी करावे लागतात, म्हणून ते बचतीत धरायचे नाहीत. निव्वळ बचत २,००० रुपये.

थोडक्यात, सवलत सोडणं म्हणजे १,१५,६४० रुपये वीस दिवसांसाठी उसने घेऊन त्यावर २,००० रुपये व्याज देणं. २,००० ला १,१५,६४० ने भागलं की १.७३ टक्के येतात. हे झाले वीस दिवसांचे. वर्षात असे वीस-वीस दिवसांचे सव्वाअठरा तुकडे बसतात (३६५ ÷ २०), त्यामुळे वार्षिक दर होतो सुमारे ३१.६ टक्के.

```
(सवलत ÷ दहाव्या दिवशी भरायची रक्कम) × (३६५ ÷ २०) × १००
(२,००० ÷ १,१५,६४०) × १८.२५ × १०० = ३१.६ टक्के
```

कॉमर्सच्या पुस्तकात याच अटीसाठी ३७.२ टक्के असा आकडा असतो. तिथे कर धरलेला नसतो, ९८ रुपयांवर २ रुपये असा सरळ हिशेब असतो. जीएसटीत कमी झालेले ३६० आपल्या बचतीत येत नाहीत, म्हणून आपला दर थोडा खाली येतो. पण ज्या ग्राहकाचा जीएसटी कंपोझिशनमध्ये आहे त्याला इनपुट क्रेडिट मिळतच नाही. त्याच्यासाठी पूर्ण २,३६० रुपये ही बचत आहे आणि त्याचा दर बरोबर ३७.२ टक्केच येतो. चक्रवाढ धरून पुस्तकात पुढे ४४.६ टक्के असाही आकडा दिलेला असतो. तो आम्ही वापरत नाही. वाचलेले दोन हजार कुणी लगेच त्याच दराने पुन्हा फिरवत नाही, त्यामुळे सरळ व्याजाचा आकडाच खरा धरावा असं आम्हाला वाटतं.

एका बिलावर वार्षिक दर कसा लावता?

हा प्रश्न रास्त आहे. म्हणून वर्षाचे रुपये मोजू. दर महिन्याला असं एक बिल, म्हणजे वर्षाला बारा बिलं. बारा वेळा २,००० म्हणजे २४,००० रुपये गेले. त्याबदल्यात काय मिळालं? १,१५,६४० रुपये बारा वेळा वीस-वीस दिवस, म्हणजे वर्षातले २४० दिवस, हाताशी राहिले. हीच रक्कम वर्षभरात सारखी पसरली तर सरासरी साधारण ७६,००० रुपये होते. ७६,००० रुपये वर्षभर वापरले आणि २४,००० व्याज दिलं, म्हणजे पुन्हा तेच ३१.६ टक्के.

हेच ७६,००० बँकेच्या सीसीतून ११ टक्क्यांनी वापरले असते तर वर्षाचं व्याज ८,४०० रुपयांच्या आत राहिलं असतं. ११ हा आम्ही उदाहरणासाठी धरलेला दर आहे. आपल्या सँक्शन लेटरवर जो असेल तो घाला. १० असो वा १३, उत्तराची दिशा बदलत नाही.

मग सीसीतून उचलून दहाव्या दिवशी भरावं का?

लिमिटमध्ये जागा असेल तर हो. सीसीचं व्याज रोजच्या बाकीवर लागतं, जितके दिवस वापर तितकंच. १,१५,६४० रुपये वीस दिवस जास्त उचलले तर ११ टक्क्यांनी सुमारे ६९७ रुपये व्याज पडतं. हाती आलेल्या २,००० मधून ते वजा केले तरी एका बिलामागे १,३०३ रुपये राहतात. हा फायदा घेण्यासाठी खिशात रोकड असावीच लागते असं नाही. ‘पैसे आले की देतो’ म्हणून थांबणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

इथे आणखी एक गोष्ट आहे जी वर्कशॉपवाल्यांना क्वचितच कुणी सांगतं. आपण दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देता. बँक ड्रॉइंग पॉवर काढताना साठ्याच्या किमतीतून आपण माल पुरवणाऱ्यांना देणं असलेली बाकी आधी वजा करते, कारण उधारीवर आणलेल्या मालावर बँक पैसे देत नाही. आमचं १,१८,००० चं बिल उभं आहे तोवर तेवढा साठा बँकेच्या लेखी आपला नाही. ते बिल फेडलं की ती वजावट जाते, आणि मार्जिन २५ टक्के असेल तर पुढच्या स्टेटमेंटला ड्रॉइंग पॉवर ८८,५०० रुपयांनी वाढते. म्हणजे उचललेल्या रकमेचा बराचसा भाग ड्रॉइंग पॉवरमध्ये परत उभा राहतो. मात्र दोन मर्यादा आहेत. वाढ स्टेटमेंट दिल्यावरच दिसते, त्या दिवशी नाही. आणि ड्रॉइंग पॉवर कितीही वाढली तरी मंजूर लिमिटच्या वर उचलता येत नाही. लिमिट काठोकाठ भरलेलं असेल तर हा मार्ग बंद आहे.

तेव्हा बाहेरून पैसे आणून आमची सवलत घ्यावी का? इथे जपून. महिना दोन टक्क्यांनी मिळणारे खासगी पैसे वर्षाला २४ टक्के पडतात, म्हणजे ३१.६ पेक्षा स्वस्त दिसतात. पण असा पैसा देणारा वीस दिवसांचं व्याज घेत नाही, पूर्ण महिन्याचं घेतो. १,१५,६४० वर दोन टक्के म्हणजे २,३१३ रुपये. मिळाले २,०००, गेले २,३१३. वार्षिक दर बघून फायद्यात दिसणारा व्यवहार रुपयांत तोट्याचा निघाला. म्हणून कर्ज महागडं असेल तर टक्के बाजूला ठेवून त्या एका बिलाचे रुपये लिहा, मगच ठरवा.

कामगारांचा पगार, वीजबिल किंवा बँकेचा हप्ता त्याच आठवड्यात असेल तर आधी ते भागवा. हप्ता थकून खातं बिघडलं तर दोन हजारांच्या सवलतीने ते भरून निघत नाही.

अकरावा दिवस उजाडला तर

मग घाई करू नका. आम्ही विकणारे असूनही हे सांगतो, कारण इथे ग्राहकांचं विनाकारण नुकसान होतं. दहावा दिवस हुकला, म्हणून ओशाळून कुणी पंधराव्या दिवशी पूर्ण १,१८,००० पाठवून देतो. त्याने सवलत घालवली आणि मिळवले फक्त पाच दिवस. त्या पाच दिवसांचा वार्षिक दर १२६ टक्क्यांवर जातो. सवलत गेलीच असेल तर तिसाव्या दिवसापर्यंतची मुदत आपल्या हक्काची आहे, ती पूर्ण वापरा. तसंच सवलत घ्यायची तर पाचव्या दिवशी भरायची गरज नाही, दहाव्या दिवशी भरा. त्याआधी पैसे देऊन जास्त काही मिळत नाही.

तीस दिवसांनंतरचं काय, हेही स्पष्ट लिहितो. साठाव्या दिवशी पैसे देणाऱ्याचा दर गणितात १२.६ टक्क्यांवर येतो आणि बँकेच्या जवळपास पोचतो, हे खरं आहे. पण तो दर आम्ही दिलेल्या मुदतीतून येत नाही, मुदत मोडून येतो. तीस दिवसांवर बाकी असलेल्या खात्याला आम्ही पुढचा माल रोखीनेच देतो, आणि मशीन इन्सर्टअभावी एक शिफ्ट थांबलं तर त्याची किंमत या दरात कुठेच धरलेली नाही.

तारीख आम्ही कशी धरतो

बिलाचा दिवस मोजत नाही, दुसऱ्या दिवसापासून एक. आमच्या खात्यात पैसे जमा झाल्याची तारीख धरतो, आपण पाठवल्याची नव्हे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे रविवार आला म्हणून मुदत वाढत नाही. चेक देत असाल तर दोन दिवस आधी द्या.

टॅलीत खरेदीची नोंद करताना आमच्या बिलाला उधारीची मुदत ३० ऐवजी १० दिवस घाला, म्हणजे देय बिलांच्या यादीत ते वेळेवर वर येईल. आणि हुकलेल्या सवलतीचं एक वेगळं खातं उघडा. वर्षअखेरीस ते सीसी व्याजाच्या खात्याशेजारी ठेवून बघता येतं.

सवलत बिलागणिक आहे, पूर्ण खात्यावर नाही. चार बिलं उभी आहेत आणि पैसे दोन बिलांपुरतेच असतील, तर ज्यांचे दहा दिवस अजून संपायचे आहेत ती आधी फेडा. ज्यांची सवलत गेली आहे त्यांना तिसाव्या दिवसापर्यंत थांबू द्या. भरणा करताना बिल नंबर जरूर कळवा, नाहीतर आमच्याकडून ती रक्कम सर्वांत जुन्या बिलात जमा होते आणि ताज्या बिलाची सवलत हुकते.

बिलातला एखादा माल परत करायचा असेल किंवा दराबद्दल वाद असेल, तर तो मिटेपर्यंत पूर्ण बिल अडवू नका. वादातली ओळ वगळून उरलेली रक्कम दहा दिवसांत भरा, तेवढ्यावरची सवलत आम्ही देतो. वादातल्या मालाची मुदत प्रश्न मिटल्याच्या दिवसापासून पुन्हा दहा दिवस धरली जाईल.