चेकआउट बंद पडलं: ट्रिगर वेगळा, कारण वेगळं

कुठल्याही टीमचा इन्सिडेंट रिपोर्ट उघडा, 'कारण' या मथळ्याखाली एकच ओळ असते, "सदोष रिलीजमुळे चेकआउट बंद पडलं". अहो, हे कारण नाही, हा ट्रिगर झाला. पहिल्या सरीला माजघरात पाणी ठिबकलं तर पाऊस आला म्हणून ठिबकलं हे खरंच, पण कौलं फुटलेली होती आणि यंदा शाकारणी झालीच नाही हे कारण. पाऊस परत येणारच आहे, तसं रिलीजही परत जाणारच आहे.

टाइमलाइनबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना येते. फक्त दोन गोष्टी. सुरुवात म्हणजे बिघडलं ती वेळ, आपल्याला कळलं ती नव्हे. आणि सर्व्हरचे लॉग बहुतेक यूटीसीत असतात, तेव्हा साडेपाच तास मिळवा आणि मगच व्हॉट्सअॅपवरच्या वेळांशी जुळवा.

आता समजा, रत्नागिरीतनं हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारी एक छोटी साइट आहे, एप्रिलचा सीझन चालू. ऑर्डरच्या टेबलात pin नावाचा कॉलम होता, त्याचं नाव बदलून pincode करायचं होतं. 10:42 ला डिप्लॉय सुरू झालं, आधी मायग्रेशन चाललं आणि कॉलमचं नाव बदललं, मग नवा कोड उठायला गेला तर एक सेटिंग सर्व्हरवर टाकायचंच राहिलेलं, त्यामुळे तो उठलाच नाही आणि डिप्लॉय टूलने आपणहून जुना कोड परत चालू केला. म्हणजे कोड जुना, टेबल नवं. पे बटण दाबलं की लॉगमध्ये हे:

```
ERROR:  column "pin" of relation "orders" does not exist
```

होमपेज मात्र झकास चालू, आंब्यांचे फोटो दिसतायत, मॉनिटरिंग होमपेजच तपासत होतं म्हणून सगळं हिरवं. 11:03 ला एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, पैसे द्यायला जातोय तर एरर येतोय", तेव्हा कुठे कळलं. मग रोलबॅक करू म्हणाले, पण कोड तर आधीच मागे गेलेला, उपयोग शून्य, त्यात अर्धा तास गेला. शेवटी कोणीतरी लॉग नीट वाचला आणि 11:44 ला ही ओळ चालवली, चेकआउट सुरू:

```sql
ALTER TABLE orders RENAME COLUMN pincode TO pin;
```

यात नवं रिलीज एक मिनिटही लाइव्ह नव्हतं! तरी रिपोर्टात "सदोष रिलीज" लिहायचं आणि उपाय म्हणून "यापुढे सेटिंग्ज नीट तपासू".

माझी कसोटी सोपी आहे. ट्रिगर बदलून बघा. सेटिंग बरोबर होतं पण सर्व्हरची डिस्क भरली म्हणून नवा कोड उठला नाही, असं धरा. तरी तोच तास गेला असता ना? मग सेटिंग हा ट्रिगर, आणि जे दोन्ही वेळा तसंच राहिलं ते कारण. इथे ती दोन निघतात, एकच काढायचा हट्ट नको: मायग्रेशन असं की त्यानंतर जुना कोड चालूच शकत नाही, आणि टूल फक्त कोड मागे नेतं, डेटाबेस नाही. एरर कळायला 21 मिनिटं लागली तो तिसरा मुद्दा, पण तो चेकआउट का पडलं याचा नाही, ते इतका वेळ का पडून राहिलं याचा आहे, म्हणून वेगळा लिहा.

"मानवी चूक" हे तर रिपोर्टात दिसलं की माझं डोकंच फिरतं. सेटिंग कोण विसरलं ते लिहून काय मिळतं, उद्या दुसरा विसरेल.

उपाय कारणाला चिकटले पाहिजेत. कॉलमचं नाव थेट बदलायचंच नाही: आधी नवा कॉलम वाढवायचा, कोडने काही दिवस दोन्हीकडे लिहायचं, जुन्या ओळी नव्यात भरायच्या, वाचणं नव्याकडे वळवायचं, आणि जुना कॉलम पुढच्या एखाद्या रिलीजला, त्यात कोणी लिहीतही नाही आणि वाचतही नाही याची खात्री करून काढायचा. कटकटीचं आहे, कबूल, पण मध्ये कुठेही अडकलं तरी आदल्या टप्प्याचा कोड चालतो.

मॉनिटरिंगसाठी लोक पटकन लिहितात, "दहा मिनिटं ऑर्डर नाही आली तर अलर्ट". एप्रिलात ठीक आहे, पण जुलैत दिवसाला दोन-चार कोकम-आमसुलांच्या ऑर्डरी येतात, तेव्हा तो अलर्ट दिवसभर बोंबलेल आणि कोणीतरी वैतागून बंद करेल. त्यापेक्षा पेमेंटच्या पायरीवर फसलेल्या रिक्वेस्ट मोजा आणि दर पाच मिनिटांनी एक टेस्ट ऑर्डर शेवटपर्यंत जाऊ द्या, फक्त ती पॅकिंगवाल्यांच्या यादीत येणार नाही एवढं बघा.