रोलिंग शटर : वेगवान पॅनमधला तिरकेपणा आणि जेली

कॅमेरा झपकन डावीकडून उजवीकडे फिरवला की व्हिडिओत विजेचे खांब, इमारतींच्या कडा, दाराच्या चौकटी तिरक्या दिसतात, याला रोलिंग शटरचा स्क्यू म्हणतात. आणि कॅमेरा हादरत असेल तर सगळं चित्र जेलीसारखं लुलुलुलु हलतं, तो वॉबल, आपले शूटिंगवाले सरळ ‘जेली’च म्हणतात. दोन्हींचं मूळ एकच आहे.

बहुतेक सीमॉस सेन्सर फ्रेम एकदम वाचत नाहीत, वरच्या ओळीपासून सुरुवात करून एकेक ओळ वाचत खाली येतात. वरच्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो रीडआउट टाइम, आणि या सगळ्या विषयात हा एकच आकडा धरून ठेवायचा. जुन्या डीएसएलआरमध्ये तो साधारण 20 ते 30 मिलिसेकंद असायचा. म्हणजे फ्रेमचा वरचा भाग आणि खालचा भाग हे दोन वेगळ्या क्षणांचे फोटो असतात, फक्त एकाखाली एक चिकटवलेले.

उदाहरण बैलगाडा शर्यतीचं घेऊ. घाटाच्या कडेला ट्रायपॉड लावलाय, फुल एचडी म्हणजे 1920 बाय 1080, रीडआउट 25 मिलिसेकंद, आणि बैलजोडी फ्रेमच्या मधोमध ठेवून तुम्ही तिच्याबरोबर उजवीकडे पॅन करताय. पाठीमागचे बॅरिकेडचे उभे बांबू अर्ध्या सेकंदात अख्खी फ्रेम ओलांडतात, म्हणजे सेकंदाला 3840 पिक्सेल, आणि 25 मिलिसेकंदात 96 पिक्सेल. फ्रेमभर उंचीच्या बांबूचं खालचं टोक वरच्या टोकापेक्षा 96 पिक्सेल डावीकडे सरकलेलं असतं, साधारण 5 अंश तिरका. पॅन ज्या दिशेला, वरचं टोक त्याच दिशेला झुकतं. पण बैल आणि गाडा मात्र सरळच दिसतात, कारण फ्रेमच्या हिशोबानं ते जागचे हललेलेच नाहीत. हे नीट लक्षात घ्या, तिरकेपणा येतो तो वस्तू जमिनीवर किती वेगानं पळते यावरून नाही, फ्रेममध्ये किती वेगानं सरकते यावरून. ही गोष्ट डिजिटलच्या आधीपासूनची आहे. फ्रेंच फोटोग्राफर झाक-आंरी लार्तिगचा शंभर वर्षांपेक्षा जुना रेसिंग कारचा प्रसिद्ध फोटो आहे, त्यात गाडीचं चाक पुढे झुकलंय आणि प्रेक्षक मागे, कारण त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट फोटो उमटवणाऱ्या काचेच्या प्लेटवरून सरकत जायची आणि तो गाडीबरोबर पॅन करत होता, फक्त जरा कमी वेगानं.

इथे बरेच जण फसतात ते शटर स्पीडवर. खांब तिरके आले की 1/50 चं 1/1000 करतात, आणि मग तिरकेपणा उलट जास्त खुपतो. शटर स्पीड ठरवतो प्रत्येक ओळीवर किती वेळ उजेड पडणार, ओळी वाचायला किती वेळ लागणार हे त्याच्या हातात नाही. वरच्याच पॅनमध्ये 1/50 ला बांबू सुमारे 77 पिक्सेल पुसट होतो, त्या धुरकटपणात तिरपी कड लपून जाते, 1/1000 ला जेमतेम 4 पिक्सेल, मग तोच 5 अंश स्वच्छ, धारदार दिसतो.

जेलीचं गणित थोडं वेगळं. हात सेकंदाला पाच-दहा वेळा हलत असेल तर एक फ्रेम इकडे झुकते, पुढची तिकडे, आणि चित्र डोलतं. मोटरसायकलच्या हँडलवर किंवा ड्रोनवर कंप याहून फार वेगवान असतो, समजा सेकंदाला 80 वेळा, तर 25 मिलिसेकंदांत दोन पूर्ण हेलकावे बसतात आणि एकाच फ्रेममध्ये खांबाला सापासारख्या दोन लाटा येतात. अशा लाटा दिसल्या तर हात स्थिर करून काही होत नाही, कॅमेरा रबरी माउंटवर घेऊन कंपच तोडावा लागतो.

आपल्या कॅमेऱ्याचा रीडआउट घरी मोजता येतो. भारतात वीज 50 हर्ट्झची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूबलाईट किंवा स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, दर 10 मिलिसेकंदाला एकदा. शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान ठेवून अशा उजेडातली पांढरी भिंत शूट करा, एक फ्रेम थांबवून पाहा, आडवे काळे पट्टे दिसतील. वरपासून खालपर्यंत अडीच पट्टे बसले तर रीडआउट 25 मिलिसेकंद, एकच बसला तर 10. पट्टे आलेच नाहीत तर बल्ब चांगला आहे, दुसरा शोधा.

शूट करताना सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पॅन हळू करणं. एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद घेईल इतका हळू पॅन, हा सिनेमावाल्यांचा जुना नियम आहे, त्या वेगाला आपला बांबू फक्त 7 पिक्सेल सरकतो, डोळ्याला कळतही नाही. सीनमध्ये माणसं हलत नसतील तर निम्म्या वेगानं पॅन करून एडिटमध्ये दुप्पट पळवा, स्क्यू निम्मा होतो. दुसरं, 50 किंवा 100 फ्रेमचा मोड वापरून बघा, कारण 50 फ्रेमला रीडआउट 20 मिलिसेकंदांच्या आत उरकावाच लागतो, 100 ला 10 च्या आत, बदल्यात बारकावे थोडे कमी मिळू शकतात. सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणाऱ्या क्रॉप मोडबद्दल मात्र गैरसमज आहे. ओळी कमी म्हणून वेळ कमी हे खरं, पण चित्र तितकंच मोठंही होतं, त्यामुळे तीच लेन्स ठेवून तोच पॅन केला तर तिरकेपणा जवळपास तेवढाच राहतो, वाइड लेन्स लावून फ्रेमिंग पूर्वीसारखं केलं तरच फायदा.

रील्ससाठी फोन उभा धरला की ओळीही आडव्याच्या उभ्या होतात. मग आडव्या पॅनमध्ये खांब झुकत नाहीत, पण पॅनच्या दिशेप्रमाणे माणसं थोडी बारीक किंवा जाड दिसतात, हा फरक पटकन लक्षात येत नाही म्हणून सांगितलं.

नंतर दुरुस्ती करायची तर प्रीमियरमध्ये Rolling Shutter Repair आहे, त्यात स्कॅनचा वेळ फ्रेमच्या टक्क्यात द्यायचा असतो, 25 फ्रेमला एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, म्हणजे आपल्या 25 साठी साधारण 62 टक्के. कॅमेऱ्यानं जायरोचा डेटा, म्हणजे तो कुठल्या क्षणी कसा फिरला हे, नोंदवला असेल तर मोफत मिळणारं Gyroflow खूपच चांगलं काम करतं. स्टॅबिलायझेशन मात्र स्क्यू न काढता लावू नका, फ्रेम जागेवर स्थिर होते आणि आतली जेली आणखी उघडी पडते.

ग्लोबल शटर हा मुळावरचा इलाज. यात प्रत्येक पिक्सेलजवळ साठवणीची छोटी जागा असते, सगळ्या पिक्सेलवरचा चार्ज एकाच क्षणी तिथे उतरवला जातो आणि मग ओळी आरामात वाचल्या जातात, वाचायला कितीही वेळ लागो, चित्र एकाच क्षणाचं. सोनीचा एफ55 2012 साली असा जाहीर झाला, रेडचा कोमोडो 2020 मध्ये आला, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर झालेला सोनी ए9 थ्री हा फुल फ्रेम मिररलेसमधला पहिला. किंमत चुकवावी लागते ती उजेडात. साठवणीची जागा पिक्सेलमधूनच काढलेली असते, म्हणून ए9 थ्रीचा बेस आयएसओ 250 आहे, नेहमीच्या 100 ऐवजी, आणि सावल्या उचलल्या की नॉइज लवकर दिसतो. म्हणून ओळी एकेक करूनच, पण फार वेगानं वाचणारा स्टॅक्ड सेन्सर हा मधला रस्ता अनेकांना परवडतो, निकॉन झेड9 फोटो काढताना अख्खा सेन्सर 4 मिलिसेकंदांच्या आसपास वाचतो, त्या वेगाला आपला 5 अंशांचा बांबू 1 अंशाच्याही आत येतो. बाकी वेगवान पॅनमधला पुसटपणा आणि 24-25 फ्रेमला येणारा झटकेदारपणा ग्लोबल शटरमध्येही तसाच राहतो, त्याचा ओळी वाचण्याशी संबंध नाही, तिथे पुन्हा पॅनचा वेग आणि शटर स्पीडच बघावा लागतो.