मोठ्या दुकानाचा विभागवार नफा: भाडे आणि वीजबिल कसे वाटावे, कोणते कागद लागतात

किराणा, कापड आणि भांडी एकाच छताखाली विकणाऱ्या दुकानाला वर्षाअखेरीस एकूण नफा कळतो, पण तो कोणत्या विभागाने कमावला हे कळत नाही. ते कळायला विभागवार खाती ठेवावी लागतात. त्यासाठी कुठल्या कार्यालयात अर्ज करायचा नसतो की परवानगी घ्यायची नसते. हा मालकाने स्वतःसाठी ठेवलेला हिशेब आहे. आयकर विवरणात पूर्वीप्रमाणे पूर्ण दुकानाचा एकच नफा जातो. दुकान भागीदारीत असेल, तर वाटपाचा तक्ता कागदावर उतरवून सगळ्या भागीदारांच्या सह्या आधीच घ्याव्यात. आकडे आल्यावर प्रमाणावरून वाद घालण्यात कुणाचेच भले नाही.

कोणत्या दुकानाला हे जमेल?

अट एकच आहे. प्रत्येक विभागाची खरेदी, विक्री आणि अखेरचा शिल्लक माल वेगळा सांगता आला पाहिजे. बिलिंगच्या संगणकात प्रत्येक वस्तूला विभाग लावलेला असला आणि खरेदीची बिले त्याच विभागात नोंदली जात असली, की पुढचे सोपे. भांड्यांच्या विभागातले डबे कापडाच्या योजनेत भेट म्हणून दिले, तर तीही नोंद हवी: भांड्यांना तेवढी रक्कम जमा, कापडाच्या नावे खर्च. ही नोंद राहिली की भांड्यांचा नफा कारण नसताना घटतो.

हाताशी ठेवायचे कागद

भाडेकरार, दुकानाचा मापांसह नकाशा, बारा महिन्यांची वीजबिले आणि प्रत्येक विभागातल्या उपकरणांची यादी. करारातल्या क्षेत्रफळात भिंती धरलेल्या असू शकतात, म्हणून आतली मोकळी जागा टेप लावून स्वतः मोजा. उपकरणांच्या यादीत मागच्या पट्टीवरचे वॅट आणि रोज किती तास चालते हे लिहा. यादी बसल्या जागी करू नका, दुकान चालू असताना फिरून करा. काउंटरखालचा छोटा पंखा आणि शोकेसमधले दिवे हटकून विसरतात.

भाडे: चौरस फूट, पण मजला पाहून

समजा, दुकान दोन मजली आहे आणि भाडे महिना 90,000 रुपये. तळमजल्यावर किराण्याला 900 चौरस फूट, भांड्यांना 300. वर कापडाला 1,200. जिना, गल्ला आणि प्रवेशाची जागा सगळ्यांची असल्याने ती मोजणीतून बाहेर ठेवली. तिचे भाडे याच प्रमाणात आपोआप वाटले जाते. नुसत्या क्षेत्रफळावर वाटले, तर फुटाला 37.50 रुपये पडून किराण्यावर 33,750, भांड्यांवर 11,250 आणि कापडावर 45,000 येतात.

हे बरोबर वाटते, पण नाही. रस्त्यालगतच्या तळमजल्याला जे भाडे मिळते ते वरच्या मजल्याला मिळत नाही. त्याच बाजारपेठेत दोन्ही मजल्यांचे चालू दर विचारा. आपल्या उदाहरणात तळमजल्याचा दर दुप्पट धरू. म्हणजे किराण्याचे 1,800, भांड्यांचे 600 आणि कापडाचे 1,200, असे 3,600 भाग. दर भागाला 25 रुपये. किराण्यावर 45,000, भांड्यांवर 15,000, कापडावर 30,000.

विक्रीच्या प्रमाणात भाडे वाटण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती मला अन्यायाची वाटते. जागा तेवढीच वापरून ज्याने विक्री वाढवली, त्याच्याच माथी जास्त भाडे का मारायचे?

घरमालक भाड्यावर जीएसटी लावत असेल आणि तुम्ही त्याची वजावट घेत असाल, तर तो कर भाड्यात मिळवू नका. मात्र सुट्या धान्यासारखा करमाफ माल विकत असाल, तर नियम 42 प्रमाणे सामायिक वजावटीचा काही भाग परत करावा लागतो, आणि तिथे कायदा उलाढालीचे प्रमाण धरतो, चौरस फूट नाही. परत केलेली रक्कम करमाफ माल विकणाऱ्या किराण्याच्याच खर्चात टाका.

वीज: वॅट आणि तास

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक विभागाला सबमीटर. तो नसेल तर वॅट गुणिले तास. आपल्या दुकानात कापडाचे दोन एसी मिळून 3 किलोवॉट, दहा तास. पण कॉम्प्रेसर सतत चालत नाही, म्हणून सत्तर टक्के धरले: 21 युनिट. दिवे 900 वॅटचे, 9 युनिट. रोजचे 30. किराण्याचे दोन डीप फ्रीझर मिळून 1 किलोवॉट, चोवीस तास, पण कॉम्प्रेसर निम्मा वेळ: 12 युनिट, शिवाय दिव्यांचे 5. एकूण 17. भांड्यांना नुसते दिवे, 3 युनिट. सगळे मिळून रोज 50.

फ्रीझरचा हा 'निम्मा वेळ' अंदाज आहे. तो तपासायची सोपी युक्ती: रात्री आठला शटर ओढताना, पाटीचे दिवेही बंद करून, मीटरचा आकडा लिहा. सकाळी दहाला काही चालू करण्याआधी पुन्हा लिहा. या चौदा तासांत फक्त फ्रीझर चालले. 7 युनिट आले तर अंदाज बरोबर. 11 आले, तर दरवाजाचे रबर गेलेले असेल किंवा कुठेतरी काही चालूच राहिले असेल.

आपल्या हिशेबाने महिन्याचे 1,500 युनिट होतात. बिलावर 1,600 दिसले तर काळजी नको, जिना आणि पाटीचे दिवे त्यात आहेत. बिलावर 2,000 दिसले, तर यादी पुन्हा करा. 24,000 रुपयांचे बिल 30, 17 आणि 3 या प्रमाणात वाटले की कापडावर 14,400, किराण्यावर 8,160, भांड्यांवर 1,440. बिलातला स्थिर आकार जोडलेल्या भारावर वेगळा वाटणे जास्त काटेकोर, पण छोट्या बिलात त्याने फार फरक पडत नाही.

आकडे काय सांगतात

ढोबळ नफ्यातून त्या त्या विभागाचे पगार वजा जाता किराण्याचे 70,000, कापडाचे 80,000 आणि भांड्यांचे 22,000 उरतात असे धरू. वरच्या पद्धतीने किराण्याचा नफा 16,840, कापडाचा 35,600, भांड्यांचा 5,560. तेच भाडे नुसत्या क्षेत्रफळावर आणि वीज तिघांत सारखी वाटली असती, तर किराणा 28,250, कापड 27,000 आणि भांडी 2,750 दिसली असती. एकूण दोन्हीकडे 58,000 च. पण दुसऱ्या तक्त्यात किराणा कापडाच्या पुढे जातो आणि भांडी बंद करावीशी वाटतात.

बंद करण्यापूर्वी एक गणित करा. भांडी गेली म्हणून घरमालक 15,000 कमी घेणार नाही. वाचतील ते दिव्यांचे 1,440, आणि जातील 22,000. दुकानाचा नफा 58,000 वरून 37,440 वर येईल. ती 300 फूट जागा दुसऱ्या मालाला देऊन महिना 20,560 पेक्षा जास्त सुटणार असतील, तरच भांडी काढण्यात अर्थ आहे. वाटलेला खर्च विभागाची तुलना करायला उपयोगी पडतो, विभाग बंद करायच्या निर्णयात मात्र टळणारा खर्चच धरायचा.

तक्ता कधी बदलायचा

वीज वर्षातून निदान दोनदा, मे आणि डिसेंबरमध्ये, कारण थंडीत एसी बंद असतात आणि फ्रीझर चालूच राहतात. मेचे प्रमाण डिसेंबरला लावले तर कापडावर अन्याय होतो. जागेचे प्रमाण मांडणी बदलली की लगेच. धनत्रयोदशीच्या आधी पितळ्याची भांडी प्रवेशाच्या जागेत मांडली, तर तेवढे दिवस ते फूट भांड्यांच्या नावे धरा: 100 फूट जागा तीसपैकी पंधरा दिवस वापरली, तर त्या महिन्यात भांड्यांचे 50 फूट वाढतात.